घरातला पासवर्ड घरात कुणालाच पाठ नसलेला बरा

"अगं, तो पासवर्ड काय होता?" हा प्रश्न एका खोलीतून येतो आणि उत्तर दुसऱ्या खोलीतून ओरडून द्यावं लागतं. घरातल्या पासवर्डचा स्वभाव नेमका याच ओरडण्यातून ठरतो. तो तोंडाने सांगता आला पाहिजे, ऐकणाऱ्याला एका दमात कळला पाहिजे, रिमोटने टीव्हीवर टाइप करता आला पाहिजे आणि सहा महिन्यांनी पुन्हा आठवलाही पाहिजे. एवढ्या अटी घातल्या की उरतं काय? मुलीचं नाव, मध्ये एक चिन्ह, पुढे जन्मसाल. उदाहरणार्थ हा:

```
Sanika@2011
```

दिसायला हा पासवर्ड सगळे नियम पाळतो. मोठं अक्षर आहे, लहान अक्षरं आहेत, चिन्ह आहे, आकडे आहेत आणि एकूण 11 अक्षरं आहेत. बहुतेक संकेतस्थळं त्याला हिरवी पट्टी दाखवून पास करतील. पण तोडणारा माणूस 11 अक्षरांचा हिशेब करतच नाही. त्याला ठाऊक असतं की लोक नाव, चिन्ह आणि साल असा साचा वापरतात. समजा, त्याने 10 हजार नावं घेतली, नेहमीची 5 चिन्हं घेतली आणि 70 सालं घेतली, तर एकूण शक्यता होतात 35 लाख. एखाद्या सेवेचा डेटा चोरीला गेला असेल आणि तिथे पासवर्ड जुन्या, जलद पद्धतीने हॅश करून, म्हणजे न उलगडणाऱ्या सांकेतिक रूपात बदलून ठेवले असतील, तर चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अब्जावधी अंदाज तपासतं. म्हणजे 35 लाखांसाठी पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा एवढाही त्रास कुणी घेत नाही. हाच पासवर्ड घरात पाच-सहा ठिकाणी वापरलेला असतो, त्यातलं सगळ्यात कच्चं ठिकाण फुटतं आणि तिथून मिळालेली ईमेल-पासवर्डची जोडी बाकीच्या ठिकाणी आपोआप लावून पाहिली जाते. या प्रकाराला क्रेडेन्शियल स्टफिंग म्हणतात. डिस्ने प्लस ही सेवा नोव्हेंबर 2019 मध्ये सुरू झाली आणि काही दिवसांतच ग्राहकांची हजारो खाती चोरबाजारात विकायला आलेली दिसली. आमच्या यंत्रणेत कुणी घुसल्याचा पुरावा नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. सेवा कोरी करकरीत असली तरी लोकांनी तिला लावलेले पासवर्ड जुनेच, दुसरीकडे आधीच फुटलेले असू शकतात.

आमच्याही घरी हेच झालं. घरातल्या एकाने फोटो छापून देणाऱ्या एका छोट्या संकेतस्थळावर घरचाच ईमेल आणि घरचाच पासवर्ड देऊन खातं उघडलं होतं. फोटो आले, सगळे ते खातं विसरले. बऱ्याच महिन्यांनी व्हिडिओ सेवेवर 'पाहत होता ते पुढे पाहा' या ओळीत आमच्यापैकी कुणालाही न समजणाऱ्या भाषेतल्या दोन मालिका दिसू लागल्या. आम्ही एकमेकांवर संशय घेण्यात आठवडा घालवला. मग एका संध्याकाळी 'एकाच वेळी फार स्क्रीन सुरू आहेत' असा संदेश आला. घरात तेव्हा एकच टीव्ही चालू होता.

अशा घुसखोरीच्या खुणा साधारण याच असतात. न पाहिलेल्या गोष्टी इतिहासात दिसणं, अनोळखी प्रोफाइल, स्क्रीनची मर्यादा संपल्याचा संदेश आणि कुठल्याशा उपकरणावरून लॉगिन झाल्याचा मेल. हा शेवटचा मेल आपण जाहिरात समजून सोडून देतो. घुसणारा हुशार असेल तर तो काहीच बदलत नाही, गुपचूप पाहत राहतो. म्हणून कधीतरी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी आणि प्रत्येक ओळ घरातल्या एखाद्या वस्तूशी जुळते का ते पाहावं. आपला ईमेल कुठल्या ज्ञात गळतीत सापडला आहे हे haveibeenpwned.com वर कळतं. ट्रॉय हंट यांनी 2013 मध्ये सुरू केलेलं हे संकेतस्थळ आहे आणि तिथे फक्त ईमेल टाकायचा असतो.

हे सगळं झाल्यावर मला एक गोष्ट पटली. घरात लॉगिन वाटून घेण्यात काही चूक नाही, एका घरात राहणारी माणसं वाटूनच घेणार. गडबड पासवर्ड तोंडातून जाण्यात आहे. पासवर्ड बोलायची गरजच काढून टाकली, की त्याने सोपं असायचं कारण उरत नाही आणि सगळीकडे तोच वापरायचंही कारण उरत नाही. पुढचं सगळं त्या एका बदलासाठी आहे.

आधी पाहा, वाटायची गरज आहे का

एक कागद घ्या आणि घरात एकापेक्षा जास्त माणसं वापरतात अशा सगळ्या सेवा लिहा. एका पाचजणांच्या घराचं उदाहरण धरू. आई, बाबा, शिकायला बाहेरगावी राहणारी ताई, शाळेत जाणारा धाकटा आणि आजी. कागदावर आलं ते असं: दोन व्हिडिओ सेवा, एक गाण्यांची सेवा, फोटो आणि फाइल ठेवायची जागा, विजेच्या बिलाचं खातं, इंटरनेट कंपनीचं खातं, वायफाय राउटर आणि दारावरचा कॅमेरा. त्याआधी आईचा ईमेल, कारण ही सगळी खाती त्याच ईमेलवर उघडलेली.

आता प्रत्येकापुढे एक प्रश्न: इथे प्रत्येकाला स्वतःचं खातं मिळू शकतं का? मिळत असेल तर पासवर्ड वाटायचा विषयच संपला. गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये एक व्यवस्थापक आणि आणखी 5 माणसं असतात. प्रत्येकजण आपल्याच खात्याने आत येतो, फायदा मात्र सगळ्यांना मिळतो. अ‍ॅपलच्या फॅमिली शेअरिंगमध्येही तसंच, एकूण 6 जण. गाण्यांच्या सेवांच्या कौटुंबिक योजना बहुतेक याच पद्धतीच्या असतात. आजीला वाटणारी भीती इथे दूर करायला हवी: ग्रुपमध्ये आलं म्हणून व्यवस्थापकाला इतर मोठ्यांचे मेल किंवा फोटो दिसत नाहीत. दुसरी भीती मात्र खरी आहे. खरेदीसाठी सामायिक कार्ड चालू ठेवलं असेल तर धाकट्याने खेळात विकत घेतलेल्या नाण्यांचे पैसे व्यवस्थापकाच्या कार्डावरून जातात. तेव्हा ग्रुप बनवतानाच खरेदीसाठी परवानगी मागण्याची सोय चालू करून टाकावी. आणि गूगलचा ग्रुप सोडून दुसऱ्या ग्रुपमध्ये जाणं 12 महिन्यांतून एकदाच करता येतं, त्यामुळे कुणाला कुठे घ्यायचं ते आधीच ठरवलेलं बरं.

आपल्या उदाहरणातल्या घरात गाण्यांची सेवा आणि फाइल ठेवायची जागा या दोन ओळी इथेच खोडल्या गेल्या. कॅमेऱ्याच्या अ‍ॅपमध्येही 'सदस्य जोडा' अशी सोय निघाली. ती बऱ्याच कॅमेऱ्यांना असते, पण माहीत नसल्यामुळे लोक मुख्य खात्याचाच पासवर्ड सगळ्यांना देऊन बसतात.

व्हिडिओ सेवांचं जरा वेगळं असतं. तिथे पुष्कळदा खातं एक आणि आत प्रोफाइल अनेक. प्रोफाइल म्हणजे वेगळं खातं, असा समज अगदी सहज होतो, पण पासवर्ड सगळ्यांचा एकच असतो. नेटफ्लिक्सवर प्रोफाइलला 4 आकडी पिन लावता येतो. तो धाकट्याला ताईची यादी बघू देत नाही एवढंच, खात्याच्या दाराला त्याचा उपयोग नाही. आणि ताईचं काय? नेटफ्लिक्सने 2023 पासून अनेक देशांत एका घराबाहेरचं वाटप बंद करत आणलं. बाहेर राहणाऱ्यासाठी काही देशांत ते जादा पैसे घेऊन जादा सदस्य जोडू देतात आणि त्या सदस्याला स्वतःचा वेगळा लॉगिन मिळतो. पैसे जातात हे खरं, पण सुरक्षेच्या दृष्टीने तीच व्यवस्था चांगली. कुठल्या सेवेत कुणाबरोबर वाटायला परवानगी आहे हे त्या सेवेच्या नियमांवर ठरतं. पासवर्ड कितीही नीट सांभाळला तरी तो नियम बदलत नाही.

उरलेल्यांसाठी तिजोरी

खोडाखोड झाल्यावर कागदावर उरल्या त्या एकच लॉगिन असलेल्या सेवा: दोन व्हिडिओ सेवा, वीज, इंटरनेट, राउटर. यांच्यासाठी पासवर्ड मॅनेजर लागतो आणि त्यात सामायिक कप्पा लागतो.

पासवर्ड मॅनेजर ही एक तिजोरी समजा. प्रत्येक माणसाची तिजोरी वेगळी, तिची किल्ली म्हणजे मास्टर पासवर्डही वेगळा. पण एक कप्पा असा की जो सगळ्यांच्या तिजोरीतून उघडतो. आईने त्या कप्प्यात विजेच्या खात्याचा पासवर्ड ठेवला की तो बाबांच्या फोनवर आपोआप दिसतो. आईने तो बदलला की बाबांकडेही बदलतो. कुणी कुणाला काही सांगत नाही, संदेशात पाठवत नाही. आणि पासवर्ड तिजोरीच तयार करते, वीस अक्षरांचा, निरर्थक:

```
v7Qm-x2Lr9TzKe4w_HbN
```

हा कुणाला पाठ होणार नाही. तो बोटाचा ठसा दिला की फोन स्वतः भरतो. यात आणखी एक फायदा आहे. तिजोरी संकेतस्थळाचा पत्ता पाहून पासवर्ड भरते. वीज कंपनीच्या नावासारखं दिसणारं खोटं पान आलं तर माणूस फसतो, पण तिजोरी गप्प बसते, कारण पत्ता जुळत नाही. आजीला एवढंच सांगून ठेवायचं: पासवर्ड आपोआप भरला गेला नाही तर हाताने भरू नकोस, मला हाक मार.

कुठला मॅनेजर घ्यावा? घरात सगळ्यांकडे अ‍ॅपलचेच फोन असतील तर वेगळं काही घ्यायची गरज नाही, 2023 च्या आयओएस 17 पासून त्यात सामायिक गट करता येतो. सगळे फोन एका जातीचे नसतील तर बिटवॉर्डनसारखा सगळीकडे चालणारा मॅनेजर बरा. त्यात दोन माणसांना सामायिक कप्पा फुकट मिळतो आणि कौटुंबिक योजनेत 6 जण बसतात. गूगलच्या पासवर्ड मॅनेजरमध्येही फॅमिली ग्रुपला पासवर्ड पाठवता येतो, पण तिथे समोरच्याकडे त्याची प्रत जाते. प्रत आणि सामायिक कप्पा यांत फरक आहे: प्रत दिल्यावर मूळ पासवर्ड बदलला तर पुन्हा पाठवायची आठवण ठेवावी लागते.

मास्टर पासवर्ड मात्र पाठ असावा लागतो आणि तो साच्यातला असून चालत नाही. इथे यादृच्छिक शब्दांची पद्धत सगळ्यात माणसाळलेली आहे. 1995 मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी मांडलेली ही पद्धत डाइसवेअर म्हणून ओळखली जाते. 7776 शब्दांची यादी घ्यायची, पाच फासे टाकायचे, आलेल्या आकड्यासमोरचा शब्द लिहायचा. असं पाच वेळा केलं की पाच शब्द. 7776 हा आकडा पाच फाशांच्या एकूण शक्यतांचा आहे. पाच शब्दांच्या शक्यता होतात सुमारे 28 आणि त्यापुढे 18 शून्यं. मघाच्या 35 लाखांशेजारी ठेवून पाहा. आणि या हिशेबात तोडणाऱ्याला पद्धत आणि यादी दोन्ही माहीत आहेत असंच धरलेलं आहे.

शब्द मराठी घ्यायचे असतील तर जरूर घ्या, फक्त दोन गोष्टी सांभाळा. शब्द स्वतः सुचवायचे नाहीत. सुचलेले शब्द म्हणजे पुन्हा आवडतं गाणं, देवाचं नाव, गावाचं नाव. जाडा शब्दकोश घ्या आणि पान फाशांवर किंवा फोनच्या यादृच्छिक आकड्यावर ठरवा. दुसरं, रोमन लिपीतलं स्पेलिंग त्याच दिवशी कायमचं ठरवा. 'वही' हा शब्द `vahi` की `wahi`, 'चूल' हा `chul` की `chool`, यात आमच्याकडे एक रविवार गेला. आजीने आठवणीतला शब्द बरोबर सांगितला होता, चुकलं होतं ते माझं स्पेलिंग. तेव्हापासून `w` आणि दुहेरी स्वर आमच्या मास्टर पासवर्डात वर्ज्य आहेत.

टीव्हीची गोष्ट

वीस अक्षरांचा निरर्थक पासवर्ड बाणांच्या रिमोटने टीव्हीवर टाइप करून पाहा. तिसऱ्या चुकीनंतर माणूस पुन्हा `Sanika@2011` कडे वळतो. घरातले पासवर्ड सोपे राहण्याचं निम्मं कारण टीव्हीच असावा, असं माझं मत आहे.

यावर उपाय टीव्हीतच असतो, पण लॉगिनच्या पानावर तो कोपऱ्यात दडलेला असतो. टीव्ही एक छोटा कोड किंवा चौकोनी क्यूआर दाखवतो. आपण तो फोनवर सेवेच्या पानावर टाकायचा किंवा स्कॅन करायचा, फोनवर आपण आधीच आत असतो, तिथे होकार द्यायचा, आणि टीव्ही उघडतो. पासवर्ड टीव्हीपर्यंत गेलाच नाही. टीव्हीला मिळाला तो एक टोकन, म्हणजे प्रदर्शनाच्या दारात हातावर मारतात तसा शिक्का: 'याला आत सोडा'. घरात ज्यांच्याकडे तिजोरी आहे त्यांपैकी कुणीही हे करू शकतं, आई घरी असायची गरज नाही.

एक खबरदारी. या पद्धतीत कोड टाकणारा माणूस कोड दाखवणाऱ्या उपकरणाला आत घेतो. म्हणून कुणी फोनवर किंवा संदेशात कोड पाठवून 'हा तुमच्या खात्यात टाका' म्हटलं, तर तो कोड त्याच्या टीव्हीचा असतो. आपल्या डोळ्यांसमोरच्या पडद्यावर दिसतो तेवढाच कोड टाकायचा.

एखाद्या जुन्या टीव्हीवर ही सोय नसते. तिथे त्या एका सेवेपुरता निरर्थक पासवर्ड सोडून पाच शब्दांचा ठेवावा, सगळी अक्षरं लहान. कारण टीव्हीच्या कळफलकावर मोठं अक्षर आणि चिन्ह यासाठी दरवेळी वेगळ्या पानावर जावं लागतं. तीस अक्षरं लांब पण एकाच पानावरची असतील, तर ती वीस अक्षरांच्या खिचडीपेक्षा लवकर टाइप होतात. वायफायच्या पासवर्डलाही हीच युक्ती.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

आता पासवर्ड सगळ्यांकडे आहे, तो भक्कम आहे, आणि बाबा विजेच्या खात्यात जायला निघाले. पासवर्ड भरला गेला. मग पडद्यावर आलं: नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे. तो मोबाइल आईचा, आई बैठकीत. मग फोन: "अगं, ओटीपी आलाय बघ, सांग पटकन."

ही सवय मला घरातल्या कच्च्या पासवर्डपेक्षाही जास्त खटकते. एरवी आपण सगळ्यांना बजावतो की ओटीपी कुणाला सांगू नका, आणि घरात मात्र फोनवर ओटीपी सांगायचा रोजचा सराव करतो. बाबांचा आवाज काढून किंवा 'बाबांनी सांगितलंय' म्हणून कुणी फोन केला, तर आईचं बोट सवयीनेच ओटीपीकडे जाणार.

जिथे सेवा परवानगी देते तिथे मोबाइलवरच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपचा कोड निवडावा. तो दर 30 सेकंदांनी बदलणारा 6 आकडी कोड असतो. हा कोड कुठूनही पाठवला जात नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. सुरुवातीला जो क्यूआर स्कॅन करतो त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि आत्ताची वेळ यांचा हिशेब करून फोन आकडा काढतो, सेवाही तोच हिशेब करते आणि दोन्ही आकडे जुळले की दार उघडतं. म्हणजेच ती किल्ली ज्याच्याकडे आहे त्या प्रत्येकाला तोच कोड दिसेल. ती सामायिक कप्प्यात पासवर्डशेजारी ठेवली, तर बाबांच्या फोनवरही तोच आकडा त्याच वेळी येतो. बिटवॉर्डनच्या कौटुंबिक योजनेत आणि अ‍ॅपलच्या सामायिक गटात हे चालतं. फोनचं घड्याळ मागेपुढे असेल तर मात्र कोड चुकीचा ठरतो. कोड सारखा नाकारला जात असेल तर आधी फोनची वेळ आपोआप जुळते आहे ना ते पाहावं.

जाणकार इथे हरकत घेतील की पासवर्ड आणि कोड एकाच तिजोरीत ठेवले तर दुसऱ्या कुलपाला अर्थ काय? हरकत बरोबर आहे. तिजोरीच उघडली गेली तर दोन्ही जातात. पण बाहेर कुठेतरी पासवर्ड फुटला, तर हे कुलूप पूर्ण उपयोगी पडतं आणि घरगुती खात्यांना खरा धोका तोच असतो. विजेच्या बिलासाठी मला हा सौदा मान्य आहे. बँकेसाठी नाही. बँकेचं खातं आणि स्वतःचा खासगी ईमेल सामायिक कप्प्यात कधीच ठेवायचे नाहीत.

ईमेलबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. आपल्या उदाहरणात सगळी खाती आईच्या ईमेलवर आहेत. 'पासवर्ड विसरलात?' हे बटण दाबलं की नवा पासवर्ड ठरवायची लिंक तिथेच येते. म्हणजे तो ईमेल उघडा पडला तर तिजोरीतले सगळे वीस अक्षरी पासवर्ड कागदी ठरतात. त्या घराने घरगुती सेवांसाठी एक वेगळा ईमेल काढला, त्याचा पासवर्ड आणि कोडची किल्ली सामायिक कप्प्यात ठेवली आणि एकेक सेवा त्यावर हलवली. आईचा ईमेल तिचा एकटीचा झाला. बिलं आता दोघांनाही दिसतात. हे काम पासवर्ड बदलण्याच्या आधी करायचं, नाहीतर प्रत्येक खात्यात दोनदा जावं लागतं.

कुणी बाहेर पडलं तर

चुलतभाऊ चार महिने राहून गेला, त्याच्या लॅपटॉपवर व्हिडिओ सेवा चालू राहिली. पासवर्ड बदलला तरी काही सेवांवर तो आत राहू शकतो. कारण मघाचा शिक्का. लॉगिन झालेलं उपकरण रोज पासवर्ड दाखवत नाही, ते शिक्का दाखवतं आणि शिक्का पुसला नाही तोवर दारवान अडवत नाही. म्हणून दोन कामं एकत्र करायची: पासवर्ड बदलायचा आणि खात्याच्या सेटिंगमधून सगळी उपकरणं बाहेर काढायची. अनेक ठिकाणी त्या बटणावर `Sign out of all devices` असं लिहिलेलं असतं. त्यानंतर घरातला टीव्हीही बाहेर पडतो आणि पुन्हा कोडने आत घ्यावा लागतो. तेवढी पाच मिनिटं द्यायचीच.

तिजोरीतून माणूस काढणं सोपं असतं, पण त्याने आधी पाहिलेला पासवर्ड त्याच्या डोक्यातून किंवा त्याने काढलेल्या फोटोतून निघत नाही. काही मॅनेजरमध्ये 'पासवर्ड लपवून वाटा' अशी सोय असते. पासवर्ड दिसत नाही, फक्त भरला जातो. पण जो पासवर्ड ब्राउझर पानावर भरू शकतो तो थोडं तांत्रिक ज्ञान असलेला माणूस वाचूही शकतो. ही सोय चुकून दिसू नये यासाठी ठीक आहे, अविश्वासावर उपाय म्हणून नाही. माणूस गेला की त्या कप्प्यातले पासवर्ड बदला. पाचच सेवा उरल्या असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे.

कपाटातलं पाकीट

तिजोरी बनवणाऱ्या बहुतेक कंपन्यांकडे आपला मास्टर पासवर्ड नसतो. आजी विसरली तर 'विसरलात?' हे बटण तिला तिच्या जुन्या नोंदी परत देत नाही. सामायिक कप्पा इतरांकडे असल्यामुळे तिचं बाकी फारसं अडत नाही. पण आई ही एकटीच व्यवस्थापक असेल आणि तिचाच फोन हरवला, तर घर अडतं. म्हणून दुसऱ्या एका मोठ्या माणसालाही व्यवस्थापकाचे अधिकार देऊन ठेवावेत. आणि प्रत्येकाचा मास्टर पासवर्ड व अडल्या वेळी तिजोरीत शिरायला मॅनेजरने दिलेला रिकव्हरी कोड कागदावर लिहून, पाकिटात घालून, महत्त्वाची कागदपत्रं असतात तिथे ठेवावा. पासवर्ड कागदावर लिहू नये हे आपण वर्षानुवर्षं ऐकलंय आणि ते कचेरीतल्या टेबलासाठी खरंही आहे. पण दूर देशातून लाखो खात्यांवर जोड्या लावून पाहणाऱ्याला आपल्या कपाटापर्यंत पोचता येत नाही.

पाकीट बंद करण्याआधी एकदा वापरून पाहावं. कधीच लॉगिन न केलेला एखादा फोन किंवा ब्राउझरची खासगी खिडकी घ्यायची आणि फक्त कागदावर पाहून आत जायचा प्रयत्न करायचा. आमच्या पहिल्या कागदावर शून्य आणि `O` सारखेच दिसत होते, आणि रिकव्हरी कोडचा एक गट वरच्या ओळीतून खालच्या ओळीत उतरताना गळला होता. दुसरा कागद आजीने मोठ्या अक्षरात लिहिला. शून्याच्या पोटात आडवी रेघ मारून.